डाएट थांबवताना ५०-५० कॅलरींनी वाढवायचं की एकदम? मेंटेनन्सचा आकडा आपल्याच वहीतून

प्रश्न: सात महिन्यांत ७८ वरून ६६ किलोवर आले. वय ३४, उंची १६२ सेंमी. सध्या रोज १४०० कॅलरी खाते, आठवड्यातून तीनदा वेट ट्रेनिंग करते. शेवटच्या चार आठवड्यांत १.४ किलो उतरलं. आता थांबायचंय. जिममध्ये सांगतात, रिव्हर्स डाएटिंग कर, दर आठवड्याला फक्त ५० कॅलरी वाढव, म्हणजे मेटाबॉलिझम वाढेल. एकदम वाढवलंस तर सगळं परत येईल. मागच्या खेपेला खरंच वर्षभरात सगळं परत आलं होतं. यावेळी नेमकं काय करू?

उत्तर:

५०-५० कॅलरींनी चढत बसू नका. एका दिवशी सरळ २५० वाढवा, चार आठवडे तिथेच राहा, मग शंभर वाढवा, पुन्हा चार आठवडे, मग आणखी शंभर वाढवून बघा. बारा आठवड्यांत तुमचा मेंटेनन्सचा आकडा, म्हणजे वजन ना वाढतं ना उतरतं इतक्या रोजच्या कॅलरी, हाती येतो. आणि तो कुठे असणार याचा अंदाज आजच करता येतो, कारण लागणारी माहिती तुम्ही प्रश्नातच दिली आहे.

एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. चार आठवड्यांत १.४ किलो उतरलं, म्हणजे १०,७८० कॅलरींची तूट. २८ दिवसांनी भागा, रोजचे ३८५ येतात. तुम्ही १४०० खात होतात, त्यात ३८५ मिळवले की १७८५. हा तुमचा सध्याचा मेंटेनन्स. ऑनलाइन कॅल्क्युलेटर वय, उंची, वजन घेऊन सरासरी माणसाचा आकडा सांगतो आणि एखाद्या व्यक्तीसाठी तो दोनशे-तीनशेने सहज चुकतो. वरचा हिशेब तुमच्या स्वतःच्या वजनावरून निघालेला आहे, म्हणून त्यावर जास्त भरवसा ठेवा. फक्त सुरुवातीचं आणि शेवटचं वजन एकेका सकाळचं न घेता आठवड्याच्या सरासरीचं घ्या. एका सकाळी काटा किलोभर इकडेतिकडे दाखवू शकतो, आणि मग सगळाच हिशेब फसतो.

या आकड्याची आणखी एक सोय आहे. तुमची वही चुकत असली तरी तो चालतो. समजा वहीत १४०० लिहिलं जातंय, पण स्वयंपाक करताना चाखलेलं, कढईत सढळ हाताने पडलेलं तेल, मुलांच्या ताटात उरलेलं धरलं तर पोटात १६०० जातंय. तरीही १७८५ उपयोगी आहे, कारण तो तुमच्या वहीच्या मापातला आहे. तीच चूक दोन्हीकडे आहे. मात्र पुढचे तीन महिने मोजायची पद्धत तीच ठेवायला हवी. बहुतेक जण नेमके इथे घसरतात. डाएट संपलं म्हणून ज्या आठवड्यात खाणं वाढवतात, त्याच आठवड्यात मोजणंही सैल सोडतात. वहीत २५० वाढतात, ताटात ५५० वाढतात, वजन चढतं आणि खापर फुटतं मेटाबॉलिझमवर.

आता ५० कॅलरींच्या पायऱ्यांचा हिशेब करू. तूट ३८५ ची आहे. दर आठवड्याला ५० भरत गेलात तर ती भरायला जवळजवळ आठ आठवडे लागतील. तोवर तुम्ही डाएटवरच आहात, फक्त रोज थोडं कमी उपाशी. त्या काळात सव्वा किलोच्या आसपास वजन आणखी उतरतं. आणि मग जिममध्ये सांगितलं जातं, 'बघ, जास्त खातेस तरी वजन उतरतंय, मेटाबॉलिझम वाढलं!' वाढलेलं काही नसतं, तूट अजून संपलेली नसते, एवढंच. शिवाय रोजच्या खाण्यातली मोजमापाची चूकच शंभरापेक्षा मोठी असते. ५० कॅलरींचा बदल त्या गोंधळात दिसूच शकत नाही, मग तो सोसला की नाही हे ठरवणार कशावरून? हातात येतात ते भुकेचे आणखी दोन महिने, तेही सात महिन्यांच्या डाएटनंतर, धीर सुटायला आलेला असताना.

खाणं वाढवत नेलं की मंदावलेलं मेटाबॉलिझम दुरुस्त होतं, या समजुतीला फारसा आधार नाही. वजन उतरलं की शरीराचा खर्च घटतो हे मात्र खरं. काही अंशी शरीरच लहान झालं म्हणून, काही अंशी त्याहूनही थोडा जास्त. अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूझर' या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी सरासरी ५८ किलो घटवले होते, त्यातले ४१ किलो परत आले होते. म्हणजे मधल्या काळात खाणं भरपूर वाढलेलंच होतं. तरीही त्यांच्या शरीराचा विश्रांतीतला खर्च त्या वजनाच्या माणसाकडून अपेक्षित असतो त्यापेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमी होता. ती स्पर्धा टोकाची होती, तुमचं तसं नाही. पण जास्त खाण्याने खर्च पूर्वपदाला येत असता, तर तो सगळ्यात आधी त्यांचा यायला हवा होता.

वजन परत येण्यामागचं मोठं कारण खर्चातली घट नाही, भूक आहे. अमेरिकी संशोधक केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्येच मांडलेल्या हिशेबानुसार, उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो, पण भूक सुमारे १०० कॅलरींनी वाढते. तुमचे १२ किलो उतरलेत. खर्च फार तर साडेतीनशेने कमी झाला असेल, आणि मन मागतंय ते पूर्वीपेक्षा हजार-बाराशे जास्त. मागच्या खेपेला सगळं परत का आलं, याचं कारण या दोन आकड्यांच्या फरकात आहे. त्यात तुमच्या जिद्दीचा दोष शोधू नका. म्हणून डाएट संपवतानाचं पहिलं काम म्हणजे तूट लवकर संपवणं, कारण तुटीत काढलेला प्रत्येक जादा आठवडा ही भूक तशीच ताणून धरतो.

मग थेट १७८५ वरच का जायचं नाही? जाता येईल, चूक काही नाही. पण अंदाज शंभराने चुकलेला असू शकतो, आणि पहिल्या दोन आठवड्यांत काट्यावर जे दिसतं ते बघून चांगली धीराची माणसंही बिचकतात. दोन-तृतीयांश अंतर एकदम कापलं तर भुकेला मोठा दिलासा मिळतो आणि हाताशी थोडी जागाही राहते.

ते २५० कशातून वाढवायचे? मुख्यतः कर्बोदकांतून, कारण डाएटमध्ये त्यांनाच सगळ्यात जास्त कात्री लागलेली असते आणि वजन उचलतानाचा दम त्यांच्यातूनच येतो. ४५ ग्रॅम कर्बोदकं म्हणजे १८० कॅलरी आणि ८ ग्रॅम स्निग्ध म्हणजे ७२. ताटात मांडायचं तर १५० ग्रॅम शिजलेला भात किंवा सव्वादोनशे ग्रॅम उकडलेले बटाटे, आणि वर छोटा दीड चमचा तेल. व्यायामाच्या आधीच्या किंवा नंतरच्या जेवणात ही भर घाला. प्रोटीन जिथे आहे तिथेच ठेवा, दर किलो वजनाला १.६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तुमच्यासाठी रोज साधारण १०५ ग्रॅम. वाढवलेल्या कॅलरी रोजच्या ठरलेल्या जेवणात जाऊ द्या. 'रोज २५० कॅलरींचं काहीतरी आवडीचं' असा वेगळा कोपरा राखलात, तर महिनाभरात त्याला सीमा राहत नाही.

तेलाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण मेंटेनन्समध्ये हिशेब सगळ्यात जास्त तिथेच गळतो. मोठा चमचाभर तेल म्हणजे १४ ग्रॅम, जवळपास १२० कॅलरी. आता बाटलीतून कढईत धार धरताना मनात 'एक' म्हणून बघा. हात स्थिर असला तरी दीड-दोन चमचे पडून जातात. दोन वेळच्या स्वयंपाकात हा फरक दीडशे-दोनशेच्या घरात जातो, आणि वहीत 'तेल १ चमचा' हेच राहतं. यावर चमच्याने मोजण्यापेक्षा सोपा उपाय आहे. तेलाची बाटली किचनच्या काट्यावर ठेवा, काटा शून्य करा, तेल ओता, बाटली परत ठेवा. उणे २३ दिसलं तर २३ ग्रॅम गेलं. घरातल्या चौघांसाठी शिजलं असेल तर तुमच्या वाट्याचं काढा. दाण्याच्या बटरचंही तेच. सपाट चमचा १६ ग्रॅमचा, पण बरणीतून शिगोशीग निघालेला तीसचा असतो. भाज्या, फळं, भात यांत अंदाज थोडा चुकला तरी फारसं बिघडत नाही. तेल, तूप, सुकामेवा, चीज एवढ्यांसाठी काटा वर्षभर ओट्यावर राहू द्या.

आता पुढचे बारा आठवडे काट्यावर साधारण काय दिसेल ते बघू. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे थोडे इकडेतिकडे होतील. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्या-पिण्याआधी वजन करा आणि रविवारी सात दिवसांची सरासरी लिहा. विचार करायचा तो फक्त या सरासरीचा.

१६५० वर पहिला आठवडा ६६.७, दुसरा ६७.१. किलोभर वाढ, आणि मनात पहिला विचार येतो की जिमवाले बरोबर बोलत होते. पण एक किलो चरबी दोन आठवड्यांत चढायला मेंटेनन्सच्या वर रोज ५५० कॅलरी जायला हव्यात, आणि तुम्ही तर अजून त्याच्या १३५ खालीच आहात. ही वाढ चरबीची असूच शकत नाही. कर्बोदकं स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन म्हणून साठतात, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलं जातं. डाएटमध्ये ही कोठारं अर्धवट रिकामी झालेली असतात. दोनशे ग्रॅम भरलं की सहाशे ग्रॅम पाणी आलंच, म्हणजे आठशे ग्रॅमची सोय झाली. वरचे दोन-तीनशे ग्रॅम आतड्यातल्या वाढलेल्या अन्नाचे आणि त्यातल्या मिठामुळे थांबलेल्या पाण्याचे. खात्री करायची असेल तर कंबरेला बेंबीच्या पातळीवर टेप लावा, माप जवळपास तेच असेल. व्यायामात मात्र फरक जाणवतो, महिनाभर अडलेला सेट अचानक निघतो.

ही वाढ बघून जी व्यक्ती पुन्हा १४०० वर जाते, तिचं पाणी चार दिवसांत उतरतं, उपाय लागू पडला असं तिला वाटतं, आणि मग आठवडाभर कडक, दोन दिवस सुटलेलं असं चक्र सुरू होतं. घटवलेलं वजन परत येण्याची सुरुवात बहुतेक वेळा अशीच होते. म्हणून ६६.० हा आकडा आजच सोडून द्या. ते कोठारं रिकामी असतानाचं वजन होतं.

तिसरा आठवडा ६७.०, चौथा ६६.९. पाणी स्थिरावलं आणि उरलेल्या छोट्या तुटीमुळे वजन हळूच खाली सरकतंय, म्हणजे अंदाज बरोबर आहे. पाचव्या आठवड्यापासून १७५०. आठव्यापर्यंत ६७.०, ६७.१, ६७.०, ६७.१. नवव्यापासून १८५० करून बघायचं: ६७.२, ६७.३, ६७.४, ६७.५. आता आठव्या आणि बाराव्या आठवड्यातला फरक घ्या, ०.४ किलो. गुणिले ७७००, भागिले २८, रोजचे ११०. म्हणजे १८५० पैकी ११० जास्तीचे, मेंटेनन्स १७४० च्या आसपास. पहिल्या दिवशी काढलेल्या १७८५ पासून तो पन्नासही लांब नाही. परत १७५० वर या आणि तिथेच राहा.

दर टप्पा चार आठवड्यांचा ठेवण्यामागे कारण आहे. पाळीच्या आधीच्या दिवसांत अनेकींचं वजन पाण्यामुळे किलो-दीड किलोने वाढतं. चौथा, आठवा, बारावा असे आठवडे एकमेकांशी ताडून पाहिले तर चक्राचा तोच भाग समोरासमोर येतो. चक्र २८ दिवसांचं नसेल तर आठवडे मोजण्याऐवजी पाळीच्या दिवसापासून मोजा.

१७५० हा आकडा तुमच्या आत्ताच्या हालचालीसकट आलेला आहे, हेही ध्यानात ठेवा. डाएट संपल्यावर पावलं रोज ९००० वरून ६००० वर आली, तर तुमच्या वजनाला सुमारे शंभर कॅलरींचा खर्च गळतो, आणि ते कुठल्याही वहीत दिसत नाही. वर सांगितलेल्या टीव्ही स्पर्धकांतही ज्यांनी वजन टिकवलं होतं, त्यांची रोजची हालचाल इतरांपेक्षा बरीच जास्त वाढलेली आढळली. म्हणून स्टेप्सची सरासरीही वजनाशेजारी लिहून ठेवा. वजन चढू लागलं की आधी ती बघा, ताट नंतर.

शनिवार-रविवारचंही गणित एकदा करून ठेवलेलं बरं. सोमवार ते शुक्रवार १७५० आणि सुट्टीचे दोन दिवस २७००, म्हणजे १९०० जास्तीचे. सातांत वाटले तर रोजचे २७०. सुट्टीच्या दिवशी जास्त खायचंच असेल तर आठवड्याचा हिशेब धरा: पाच दिवस १६५० आणि दोन दिवस २०००, बेरीज तीच १२,२५०. याहून मोठी दरी ठेवू नका. १३०० चे पाच दिवस आणि २८७५ चे दोन दिवस कागदावर सारखेच भरतात, पण इतक्या भुकेने शनिवारात शिरलेली व्यक्ती २८७५ वर थांबत नाही.

बारा आठवड्यांनंतर रोजची वही सोडली तरी चालेल, वजन करणं सोडू नका. आठव्या आठवड्याची ६७.१ ही तुमची बैठक. सरासरी ६८.५ पर्यंत असेल तर काहीच करायचं नाही. सलग दोन आठवडे ती त्याच्या वर गेली की वही पुन्हा काढा आणि तीन आठवडे १४५०. त्यातून पाऊण किलोच्या आसपास चरबी आणि थोडं पाणी उतरतं, मग परत १७५०. तीन आठवडे म्हणजे तीनच. सरासरी ६९.४ च्याही वर गेली, तर सहा आठवडे आणि आहारतज्ज्ञाची मदत. खालीही एक रेघ हवी: सरासरी ६५.५ च्या खाली जात असेल तर तुम्ही कमी खाताय, शंभर वाढवा.

या रेघा हवेतल्या नाहीत. अमेरिकेत रीना विंग यांच्या गटाने वजन घटवलेल्या ३१४ जणांवर हाच रिवाज तपासला होता, तो अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी सिग्नलसारखे पट्टे ठरवून दिले होते: सुरुवातीच्या वजनापासून साधारण १.४ किलोपर्यंत हिरवा, २.३ किलो किंवा जास्त वाढ म्हणजे लाल, मधला पिवळा. ज्यांना फक्त माहितीपत्रकं मिळाली, त्यांच्यातल्या शंभरातल्या ७२ जणांचं वजन दीड वर्षात २.३ किलो किंवा अधिक वाढलं. वजन करून पट्ट्यांप्रमाणे वागायला शिकलेल्या आणि प्रत्यक्ष भेटणाऱ्या गटात हे प्रमाण ४६ होतं. तेही कमी नाही म्हणा. पण किलोभर वजन तीन आठवड्यांत उतरतं आणि दहा किलोंना पुन्हा सात महिने लागतात, हा फरक मोठा आहे.

वही सोडायची तीही एकदम नको. पहिला महिना आठवड्यातून दोन दिवस लिहा, एक कामाचा, एक सुट्टीचा. पुढे फक्त प्रोटीन आणि तेल. वजनाची सरासरी पट्ट्यात राहिली तर तेवढंच पुरतं.

हा आराखडा कोणासाठी नाही तेही सांगायला हवं. डाएटच्या काळात पाळी तीन महिने आलेली नसेल तर पायऱ्या, पट्टे सगळं बाजूला ठेवा. तिथे शरीराला खाणंच कमी पडत असण्याची शक्यता मोठी, थोडं वजन परत येणं हाच उपचाराचा भाग असू शकतो, आणि डॉक्टरांकडे जायलाच हवं. खाण्यावरचा ताबा सुटण्याचे किंवा नंतर उलटी काढण्याचे प्रकार होत असतील तर रोजचं वजन आणि काटा दोन्ही घातक ठरतात, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ हवा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ४५ ग्रॅम कर्बोदकं वाढवण्याआधी डोसबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्या. आणि वजन भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनने घटवलं असेल तर वरच्या हिशेबातला १७८५ हा औषध चालू असतानाचा आकडा आहे. औषध थांबल्यावर आकडा फारसा हलत नाही, पण दाबलेली भूक परत येते, म्हणून औषध कसं थांबवायचं हे ठरल्याशिवाय खाणं वाढवायला घेऊ नका.